भिंतीवर कॉन्ड्युट पाइप सॅडलने मारणे: अंतर, बेंड आणि कोपरे, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं कुठल्या पाइपबद्दल आहे?

२० मिमीचा कडक पीव्हीसी पाइप, जो प्लास्टर केलेल्या विटांच्या भिंतीवर वरूनच दिसेल असा मारतात, त्याबद्दल. २५ मिमीलाही जवळजवळ हेच लागू पडतं, फक्त बेंडची मापं मोठी होतात. लोखंडी पाइपचा विषय वेगळा आहे, त्यात अर्थिंग आणि बेंडिंग मशिन येतं, तो इथे घेतलेला नाही.

दोन सॅडलमध्ये अंतर किती ठेवायचं?

आडव्या रनमध्ये जास्तीत जास्त ६०० मिमी, म्हणजे दोन फुटांच्या थोडं आत. नियमांत हा आकडा देशानुसार बदलतो, कुठे ९०० मिमी चालतो तर कुठे दीड मीटरपर्यंत सूट असते, त्यामुळे तुमच्याकडचा नियम एकदा बघून घ्या, पण नियमात पास होणं आणि भिंतीवर सरळ दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीव्हीसी गरम झाला की मऊ पडतो आणि दोन सॅडलच्या मधे पोट काढतो, मीटरभर अंतर ठेवलेला पाइप पहिल्या दिवशी सरळ दिसतो आणि एक उन्हाळा गेला की त्याची लाट झालेली असते. ६०० ला हे सहसा होत नाही.

दुसरी गोष्ट जी बरेच जण सोडून देतात, ती म्हणजे टोकांची सॅडल. बॉक्सच्या कडेपासून १५० मिमीवर एक, आणि प्रत्येक बेंड जिथे सुरू होतो आणि संपतो तिथून १५० मिमीवर एकेक. वायर ओढताना सगळा जोर बेंडवर येतो, तिथे दोन्ही बाजूंनी पाइप धरलेला नसेल तर बेंड भिंतीपासून सुटतो आणि कपलरमधला जोड हलतो. बेंडच्या वळणावरच मात्र सॅडल मारू नका, ती तिथे नीट बसत नाही.

६०० मोजत गेलो की शेवटचं अंतर उरतं २०० नाहीतर ३५०, ते वाईट दिसतं. काय करायचं?

एका टोकाकडून ६००, ६०० मोजत जायचंच नाही. आधी दोन्ही टोकांच्या सॅडल ठरवायच्या, मग त्यांच्यामधलं अंतर समान भागांत वाटायचं, इतके भाग करायचे की एकही भाग ६०० च्या वर जाणार नाही. इथे एक पूर्ण रन घेऊन दाखवतो.

स्विचबोर्डच्या बॉक्समधून पाइप सरळ वर जातो, बॉक्सच्या वरच्या कडेपासून १४०० मिमीवर आडव्या रनची मध्यरेषा आहे. तिथून तो उजवीकडे वळतो, खोलीच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत २१५० मिमी जातो, कोपऱ्यात वळून शेजारच्या भिंतीवर येतो आणि त्या भिंतीवर कोपऱ्यापासून १२०० मिमीवर जंक्शन बॉक्सची कड आहे. दोन बेंड, दोन्ही ९० अंशाचे. बेंडची त्रिज्या मध्यरेषेवर ८० मिमी धरतो, म्हणजे पाइपच्या व्यासाच्या ४ पट. आणि सॅडलला बेस असल्यामुळे पाइपची मध्यरेषा भिंतीपासून १५ मिमी बाहेर आहे.

उभा भाग आधी. १४०० मधून बेंडचे ८० गेले, सरळ पाइप राहिला १३२० मिमी. दोन्ही टोकांचे १५० काढले की मधे १०२०, तो एका भागात मावत नाही, म्हणून दोन भाग ५१० चे. म्हणजे सॅडल बॉक्सपासून १५०, ६६० आणि ११७० वर.

आडवा भाग. कोपऱ्यापर्यंत २१५०, पण शेजारच्या भिंतीवरही पाइप १५ मिमी बाहेर असणार, म्हणून २१३५. त्यातून पहिल्या बेंडचे ८० आणि दुसऱ्या बेंडचे ८० गेले की सरळ राहिला १९७५. टोकांचे ३०० काढले की १६७५, त्याचे तीन भाग, प्रत्येकी साधारण ५५८. सॅडल पहिला बेंड संपतो तिथून १५०, ७०८, १२६७ आणि १८२५ वर.

तिसरा भाग. १२०० मधून १५ आणि ८० गेले, राहिले ११०५. टोकांचे काढले की ८०५, एका भागात जास्त होतात म्हणून दोन भाग, ४०२ च्या आसपास. इथे ४०२ आहे आणि आधीच्या भिंतीवर ५५८, पण त्याने काही बिघडत नाही, कारण डोळा एका सरळ रेषेतलं अंतर बघतो, दोन वेगळ्या भिंतींची तुलना करत नाही. एकूण सॅडल १०.

पाइप ३ मीटरचा येतो. उभा १३२०, बेंडचा बाक १२६, मिळून १४४६, म्हणजे आडव्या भागासाठी पहिल्या पाइपचे १५५४ शिल्लक राहतात (त्यातले १५ एक मिमी बॉक्समध्ये घुसणार). कपलर येतो १५४० च्या आसपास, म्हणजे १२६७ आणि १८२५ च्या सॅडलच्या बरोबर मधे. हा योग चांगला आहे, पण नेहमी असं होत नाही. कपलर सॅडलवरच येत असेल तर सॅडल सरकवू नका, पाइप थोडा आखूड कापून कपलर सरकवा.

मार्किंग पाइप धरून करायचं की आधी भिंतीवर?

आधी भिंतीवर. उभ्या रेषेला ओळंबा, आडव्या रेषेला लेव्हल, आणि दोन टोकांमध्ये खडूची दोरी मारायची. पाइप हातात धरून त्याच्या कडेने पेन्सिल ओढली तर पाइपला जो मुळातच थोडा बाक असतो तोच भिंतीवर उतरतो. दोरीच्या रेषेवर सॅडलच्या जागा मोजून बारीक फुली करायची, मग बेस ठेवून त्याच्या स्क्रूच्या भोकातून पॉइंट मारायचा. खोलीची छत जर लेव्हलमध्ये नसेल आणि पाइप छताला अगदी जवळ असेल तर लेव्हलचा हट्ट सोडून छताला समांतर जा, नाहीतर पाइप बरोबर असूनही तिरका वाटतो. छतापासून फूटभर खाली असाल तर लेव्हलच बरी.

कुठली सॅडल घ्यायची, पट्टीची की बेसवाली?

पट्टीची साधी सॅडल पाइप थेट भिंतीला दाबते. भिंत जिथे फुगलेली तिथे पाइप बाहेर येतो, जिथे खड्डा तिथे आत जातो, प्लास्टर कितीही गुळगुळीत असलं तरी दुपारी खिडकीतून कडेने उजेड आला की हे सगळं दिसतं. बेसवाल्या सॅडलमध्ये आधी बेस भिंतीला स्क्रू होतो, मग पाइप ठेवून वरची पट्टी दोन छोट्या स्क्रूंनी लागते. पाइप भिंतीपासून थोडा सुटा राहतो, बेसच्या मागे पातळ वॉशर टाकून खड्डा भरता येतो, आणि बॉक्सचं भोक भिंतीपासून जितकं बाहेर असतं तितकीच पाइपची उंची जुळते. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. पट्टीची सॅडल लावली की बॉक्सजवळ प्रत्येक वेळी पाइपला छोटा एस बेंड द्यावा लागतो, बेसवाल्यात बऱ्याचदा पाइप सरळ आत जातो. मी दिसणाऱ्या कामात बेसवालीच लावतो.

दाबून बसणारी क्लिपही मिळते, कामाला फास्ट आहे, पण पाइप खालच्या बाजूने लटकत असेल, म्हणजे छताला असेल, तर तिच्यावर अवलंबून राहू नका.

गिट्टी फिरते, स्क्रू टाइटच होत नाही. भोक मोठं झालं का?

कधीकधी भोक मोठं झालेलं असतं, पण जास्त वेळा गिट्टी अर्धी प्लास्टरमध्ये आणि अर्धी विटेत असते. प्लास्टर साधारण १५ मिमी जाड, गिट्टी ३० मिमीची, ती भिंतीशी लेव्हल करून ठोकली तर विटेत फक्त १५ मिमी गेली. स्क्रू वळताना गिट्टी फुगते, प्लास्टर भुसभुशीत असतं, ते सुटतं आणि गिट्टी गोल फिरायला लागते.

उपाय असा की ६ मिमीचं बिट घ्या, भोक ५५ मिमी खोल मारा (बिटवर टेप गुंडाळून खूण करा), धूळ फुंकून किंवा ब्रशने काढा, आणि ६ मिमीची गिट्टी स्क्रूच्या टोकाने ढकलून १५ मिमी आत बसवा म्हणजे ती पूर्ण विटेत जाईल. मग स्क्रू ५० मिमीचा लागतो, कारण बेसची जाडी आणि प्लास्टर दोन्ही ओलांडून तो गिट्टीच्या शेवटापर्यंत पोचला पाहिजे. स्क्रू गिट्टीच्या टोकापर्यंत गेला नाही तर ती फुगतच नाही.

ड्रिल करताना बाहेर येणाऱ्या भुकटीचा रंग बघत चला. आधी राखाडी येतो, तो प्लास्टर. मग लाल आला की वीट लागली. राखाडीच येत राहिला आणि बिट सहज आत जात असेल तर तुम्ही दोन विटांच्या मधल्या सांध्यात आहात, तिथे पकड कमी असते, त्या फुलीपासून २० ते २५ मिमी बाजूला घ्या, पण रेषेवरच राहून. एवढ्याने समान अंतर बिघडलेलं कोणाला दिसत नाही.

पोकळ ब्लॉक असेल तर हॅमर मोड बंद करा, नाहीतर आतली भिंत फुटते. हलक्या एएसी ब्लॉकला तर हॅमर अजिबात नको आणि त्याच्यासाठी मिळणारी वेगळी लांब गिट्टीच वापरा.

आणि भोक पाडण्याआधी त्या भिंतीत जुनी वायरिंग किंवा पाण्याची लाइन आहे का ते बघा. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि नळाच्या सरळ वर-खाली सगळ्यात जास्त शक्यता असते. आधी डिटेक्टर फिरवून, मग मेन बंद करूनच बिट लावा. डोळ्यांवर गॉगल घाला, वर बघून ड्रिल करताना भुकटी सरळ डोळ्यात येते.

स्प्रिंगने बेंड कसा काढायचा? माझा पाइप चपटा होतो.

पाइप चपटा होण्याची तीन कारणं असतात. स्प्रिंग चुकीच्या मापाची (पाइप हलका असेल तर आतलं भोक मोठं, जड असेल तर लहान, म्हणून २० मिमीच्या दोन वेगळ्या स्प्रिंग असतात आणि सैल स्प्रिंगने पाइप आत दबतोच), बेंड एका झटक्यात काढणं, किंवा पाइप थंड असणं.

स्प्रिंगला दोरी बांधा आणि दोरीवर गाठ मारून ठेवा म्हणजे ती पाइपमध्ये किती आत गेली ते बाहेरून कळेल, बेंडची जागा स्प्रिंगच्या मधोमध यायला हवी. गार हवेत त्या जागेवर कापड घेऊन जोरात घासा, पाइप कोमट झाला पाहिजे. मग बेंडचा मध्य गुडघ्यावर ठेवून दोन्ही हातांनी हळूहळू, एकसारखा दाब देत वाकवा, वाकवताना पाइप गुडघ्यावर थोडा पुढेमागे सरकवत राहा म्हणजे सगळा बाक एकाच बिंदूवर पडत नाही. पीव्हीसी हात सोडला की थोडा परत उघडतो, म्हणून ९० हवे असतील तर ९५ ते १०० पर्यंत न्या, काही सेकंद धरून ठेवा, मग सोडा आणि गुण्याला लावून बघा.

स्प्रिंग निघत नसेल तर ओढाताण करू नका. स्प्रिंग ज्या दिशेने आवळली जाते त्या दिशेला पीळ द्या, तिचा व्यास कमी होतो आणि ती सुटते. बाकाच्या बाहेरच्या बाजूला पाइप पांढरट पडला असेल तर समजा की तो जास्त ताणला गेलाय, तो तुकडा बाजूला काढा, तिथेच पुढे चीर जाते. ३२ मिमी आणि त्यावरचा पाइप थंड वाकवू नका, त्याला हीट गन लागते किंवा सरळ तयार बेंड लावावा.

बेंड नेमका त्याच जागी कसा यायचा? नेहमी दोन-तीन सेंटीमीटर पुढेमागे होतो.

पाइपवर दोन खुणा करा. पहिली जिथे बेंड सुरू होतो, दुसरी तिथून १२६ मिमीवर जिथे तो संपतो (८० त्रिज्येच्या पाव वर्तुळाची लांबी). दोन खुणांच्या मधोमध तिसरी, ६३ वर, तीच गुडघ्यावर येणार. वरच्या उदाहरणात बॉक्सच्या कडेपासून १३२० वर पहिली खूण. बॉक्समध्ये १५ मिमी घुसणार तेवढे धरायला विसरू नका, म्हणजे पाइपच्या टोकापासून १३३५.

गुडघ्यावर त्रिज्या बरोबर ८०च येईल असं नाही. म्हणून आधी एक भंगार तुकडा वाकवून तुमची त्रिज्या किती येते ते मोजा आणि मग त्याच आकड्याने सगळं मोजमाप करा. तुमच्या हाताला ९५ येत असेल तर ९५ धरा, बाकाची लांबी साधारण १.५७ पट म्हणजे १४९. आणि बेंड आधी, कापणं नंतर. लांब पाइपला वाकवायला ताकद कमी लागते आणि एक-दोन सेंटीमीटर चुकलं तर टोकाला कापून भरून काढता येतं.

आतला कोपरा जमतो, पण बाहेरच्या कोपऱ्यावर पाइप भिंतीला घासतो. का?

कारण तिथे गोल बेंडला जागाच नसते, हात कितीही चांगला असला तरी. आतल्या कोपऱ्यात बेंड कोपऱ्यापासून लांब, खोलीच्या बाजूने जातो आणि मागे छोटी त्रिकोणी फट राहते, ती चालते. बाहेरच्या कोपऱ्यात उलटं होतं, बेंडचा गोलवा भिंतीच्या धारेच्याच दिशेने आत शिरतो.

हिशेब करून बघा. पाइपची मध्यरेषा दोन्ही भिंतींपासून १५ मिमी बाहेर आहे. दोन्ही मध्यरेषा सरळ वाढवल्या तर त्या जिथे भेटतात तो बिंदू भिंतीच्या धारेपासून तिरक्या मापाने २१ मिमी लांब. पण ८० त्रिज्येचा बेंड त्या बिंदूपर्यंत जातच नाही, तो ३३ मिमी आधीच आतून वळतो. म्हणजे पाइपची मध्यरेषा धारेच्या १२ मिमी आत, भिंतीतूनच जायला हवी, आणि त्यावर पाइपची अर्धी जाडी १० मिमी. अर्थात हे शक्य नाही, म्हणून पाइप धारेवर टेकतो आणि दोन्ही बाजूंच्या सॅडलवर उचलला जातो, मग लोक स्क्रू जोराने आवळतात आणि सॅडल उपटते.

मार्ग तीन आहेत. पाइपची मध्यरेषा भिंतीपासून ३० मिमीच्या थोडं वर येईल इतके जाड बेस लावायचे, हे जमतं पण पाइप भिंतीपासून लांब दिसतो. दुसरं म्हणजे भिंतीची धार आधीच गोल किंवा चांगली कापलेली असेल तर तेवढी जागा मिळते, पण सरळ धार फक्त पाइपसाठी फोडू नका. तिसरं आणि मला सगळ्यात आवडणारं म्हणजे तिथे बेंड न देता झाकण असलेला इन्स्पेक्शन एल्बो किंवा छोटा बॉक्स लावायचा, वळण धारेला चिकटून जातं आणि वायर ओढताना झाकण उघडून मधे हात घालता येतो. झाकण नसलेला आखूड एल्बो मात्र टाळा, तो स्वच्छ दिसतो पण त्यातून वायर ओढताना वरचं इन्सुलेशन सोलतं.

बाहेरच्या धारेजवळ भोक पाडताना धारेपासून निदान ५० मिमी लांब राहा, हॅमरने धार निघून येते. १५० चा नियम पाळला तर हा प्रश्न येतच नाही.

एका रनमध्ये किती बेंड चालतात?

दोन काटकोन बेंड, तिसरा आला की मधे बॉक्स. काही नियमांत यापेक्षा जास्त सूट असते, पण तिसऱ्या बेंडनंतर वायर हाताने ओढणं अवघड होतं. एस बेंडचे छोटे कोनही मोजा, ४५ चे दोन म्हणजे एक काटकोन.

सॅडल किती टाइट करायची?

पाइप हाताने जोर लावला तर लांबीच्या दिशेने सरकला पाहिजे, पण खडखडला नाही पाहिजे. पीव्हीसी तापला की लांब होतो, ३ मीटरच्या पाइपला २० अंशांच्या फरकाने साधारण ४ मिमी. सॅडलने गच्च धरला तर या ४ मिमीला जायला जागा नसते, पाइप बाजूला कमान काढतो. सरळ रन लांब असेल किंवा भिंतीवर ऊन येत असेल तर मधे एक्सपान्शन कपलर टाका, ज्याच्या एका बाजूला सोल्यूशन लागतं आणि दुसऱ्या बाजूला पाइप कोरडा सरकतो. बाहेरच्या भिंतीवर उन्हासाठी बनवलेलाच पाइप घ्या, साधा पांढरा पिवळा पडून ठिसूळ होतो.

सोल्यूशन लावताना आणि वायर टाकण्याआधी काय बघायचं?

पाइप कापल्यावर आतली धार चाकूने किंवा रीमरने काढा. सोल्यूशन पाइपच्या बाहेरून लावा, कपलरच्या आतून नको, आतून लावलेलं पुढे ढकललं जाऊन पाइपमध्ये गोळा होतं आणि वाळल्यावर तिथे वायर अडकते. पाइप घुसवून पाव वळसा फिरवा म्हणजे सगळीकडे पसरतं.

सगळं सुकल्यावर, पट्ट्या पक्क्या करण्याआधी, एका टोकाला डोळा लावून रेषेत बघा, कुठे लाट दिसली तर त्या एका सॅडलचा बेस सैल करून सरळ करा. मग ड्रॉ वायर एका बॉक्समधून दुसऱ्या बॉक्समध्ये काढून बघा, तिला कापडाचा लहान बोळा बांधून ओढला की धूळ आणि कापलेल्या पाइपचा भुगा बाहेर येतो. बोळा कुठे अडकला तर किती ड्रॉ वायर आत आहे ते मोजा, जागा लगेच कळते, बहुतेक वेळा ती बेंडची किंवा कपलरची असते. तेवढा भाग आत्ता बदला, वायर आत गेल्यावर तोच भाग बदलायला सगळा रन रिकामा करावा लागतो.